आग कुठं होते आणि किती वेळानं?

प्रश्न : माझं वय २७. चार महिन्यांपूर्वी लग्न झालं आणि मी साताऱ्याहून पिंपरीला आले. तेव्हापासून खाली खाज आणि आग यांनी हैराण झाले आहे. इथं आल्यावर सगळंच एकदम बदललं. अंघोळीच्या साबणाऐवजी मी नाजूक जागेसाठी मिळणारा सुवासिक वॉश वापरू लागले, पॅड बदललं (आता जाळीचं, लांब, सुगंधी घेते) आणि लग्नानंतर कंडोम आले. वॉश लावला की रोज थोडं चुरचुरतं. पाळीच्या तिसऱ्या दिवशी जांघांच्या आतल्या बाजूला लाल पट्टे येतात, कातडी सोलवटते आणि पाळी संपल्यावर आठवडाभरात ते जातं. संबंधानंतर मात्र दहा-पंधरा मिनिटांतच भयंकर खाज सुटते, सूज येते, बसवत नाही. तीन-चार तासांनी सगळं आपोआप उतरतं. मेडिकलवाल्यानं एक ट्यूब दिली. दोन दिवस छान वाटलं, बंद केल्यावर दुप्पट उसळलं. अंगावरून पांढरं जात नाही, वास येत नाही. सासूबाई म्हणतात उष्णता आहे, नवरा म्हणतो इन्फेक्शन असेल. मला माहीत असलेली ॲलर्जी एकच : फुगा फुगवला की ओठ सुजतात, म्हणून भाच्याच्या वाढदिवसाला मी फुग्यांच्या वाट्याला जात नाही. नेमकं कशानं होतंय हे कसं ओळखायचं?

उत्तर : तुम्ही प्रत्येक त्रासाची वेळ लिहिलीत, त्यामुळे माझं निम्मं काम झालं. बहुतेक पेशंट ‘सतत खाज येते’ एवढंच सांगतात आणि मग वेळ काढून घ्यायला अर्धा तास जातो. तुमच्या पत्रात एक नाही, तीन वेगळे त्रास आहेत. तिघांची कारणं वेगळी आहेत, त्यामुळे एका ट्यूबनं ते बरे होणार नव्हतेच. एकेक करून पाहू.

पहिला वॉश. लावल्या लावल्या चुरचुरणं, पण सूज नाही, पुरळ नाही, आणि हे रोजचंच, याला आम्ही कातडीची चिडचिड म्हणतो. ही ॲलर्जी नव्हे. ॲलर्जी ठरावीक लोकांनाच होते, पण झोंबणारी गोष्ट पुरेशी लावली तर ती कोणाच्याही कातडीला चिडवते. आपल्या कातडीचा पीएच पाचच्या आसपास, म्हणजे किंचित आंबट असतो. अंघोळीच्या वडीचा पीएच नऊ-दहा असतो. त्यामुळे रोज साबण चोळला की कातडीवरचा तेलकट थर धुऊन जातो. ‘पीएच बॅलन्स्ड’ असं बाटलीवर छापलेला वॉश या बाबतीत साबणापेक्षा बरा असतो, पण त्यात सुगंध आणि टिकवणारी रसायनं असतातच. योनीच्या बाहेरची कातडी पातळ, ओलसर आणि दिवसभर कपड्यात झाकलेली असते. हाताला जे चालतं ते तिला चालेलच असं नाही. अंघोळीच्या पाण्यात जंतुनाशकाचं झाकण टाकायची सवय पुष्कळ घरांत आहे. तुमच्याकडे असेल तर तीही याच यादीत धरा. आतला मार्ग स्वतःला स्वच्छ ठेवतो, तिथं काहीही घालायचं नाही. बाहेरच्या भागाला साधं कोमट पाणी पुरतं.

दुसरं पॅड. इथं वेळेइतकीच जागा बोलते. आरशात पाहा, किंवा फोनवर फोटो काढून नीट पाहा. पॅडच्या रॅशमध्ये जिथं पॅडची कड किंवा पंख घासतात तिथं, म्हणजे बाहेरच्या ओठांच्या फुगीर भागावर आणि मांडीच्या आत, लाली असते. जांघेची खोल घडी मात्र बऱ्याचदा वाचते, कारण तिथं पॅड टेकतच नाही. याउलट गजकर्ण असेल तर चट्ट्याची कड उंच, खवलेदार असते, मधला भाग फिकट पडतो आणि चट्टा पाळीचा हिशेब न ठेवता हळूहळू पसरत जातो. बुरशीचा दुसरा प्रकार, कॅंडिडा, थेट घडीत बसतो. लाल चट्ट्याच्या भोवती बारीक पुळ्या विखुरलेल्या दिसतात आणि अनेकदा दह्यासारखं पांढरं जातं. तुमचे पट्टे तिसऱ्या दिवशी उठतात आणि पाळी गेली की मावळतात, म्हणजे पॅडवरच संशय आहे.

मात्र ‘पॅडची ॲलर्जी’ म्हणायची घाई नको. बहुतेक वेळा दोष पॅडमधल्या एखाद्या पदार्थाचा नसतो. ओल, ऊब आणि घासणं यांनी कातडी भिजून मऊ पडते आणि जाळीची प्लास्टिकची वरची पट्टी तिला खरवडते. तिसऱ्या दिवशी स्राव कमी झाल्यावर आपण ‘अजून भरलं नाही’ म्हणून तेच पॅड आठ-नऊ तास ठेवतो, आणि त्याच दिवशी रॅश येते. पुढच्या पाळीत सुगंध नसलेलं, वरून सुती वाटणारं पॅड घ्या, भरलं नसलं तरी चार तासांनी बदला, आणि जिथं घासतं तिथं आधीच पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. ती पॅडच्या चिकट पट्टीला लागू देऊ नका, नाहीतर पॅड सरकेल. एवढ्यानं पट्टे आले नाहीत तर प्रश्न ओलीचा आणि घासण्याचा होता. आलेच, तेही दर महिन्याला लवकर लवकर येऊ लागले, तर सुगंध किंवा पॅडच्या चिकट गोंदाची ॲलर्जी तपासावी लागेल.

तिसरा त्रास सगळ्यांत महत्त्वाचा. दहा-पंधरा मिनिटांत खाज आणि सूज, तीन-चार तासांत सगळं साफ. पुरळ मागे राहत नाही, कातडी सोलत नाही. अंगावर पित्त उठतं, गांधी येतात, तसंच हे. जागा तेवढी वेगळी. त्यात फुग्यानं ओठ सुजतात हे वाक्य तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहिलंत, पण मला तेच पहिलं दिसलं. फुगा आणि बाजारातला बहुतेक कंडोम एकाच गोष्टीपासून बनतात. ती म्हणजे रबराच्या झाडाचा चीक, नॅचरल रबर लेटेक्स. त्या चिकातल्या प्रथिनांविरुद्ध तुमच्या शरीरानं प्रतिपिंडं तयार केली असावीत, असा माझा दाट संशय आहे. केळं, किवी, अव्होकाडो किंवा पपई खाल्ल्यावर तोंडात-घशात खाजतं का, हे आठवून पाहा. या फळांतली काही प्रथिनं लेटेक्ससारखी असतात, त्यामुळे दोन्ही ॲलर्जी एकाच माणसात बऱ्याचदा सापडतात.

संबंधानंतरच्या लगेचच्या आगीला आणखीही कारणं असतात. कोरडेपणानं घासणं हे सर्वांत नेहमीचं, पण त्यात चरचरतं, लघवीला झोंबतं. फुगवटा आणि तुफान खाज सहसा येत नाही. कंडोमवरचं वंगण किंवा शुक्रजंतुनाशक औषध हेही कारण असू शकतं. क्वचित वीर्याचीच ॲलर्जी असते, पण ती कंडोम वापरल्यावर होत नाही, न वापरल्यावर होते. तुमचं चित्र लेटेक्सकडेच झुकतं.

म्हणून सर्वांत आधी एक मनाई. ‘अजून एकदा वापरून खात्री करू’ हा प्रयोग करू नका. या प्रकारच्या ॲलर्जीत पुढची खेप मागच्यासारखीच असेल याची हमी नसते. क्वचित अंगभर गांधी उठतात, आवाज घोगरा होतो, श्वास घेताना शिट्टी वाजते, रक्तदाब उतरतो. असं काही झालं तर खाजेची गोळी घेऊन वाट पाहायची नाही, १०८ ला फोन करून रुग्णालय गाठायचं. तिथं लागणारं औषध म्हणजे ॲड्रेनलिनचं इंजेक्शन.

खात्री करायचे रस्ते दोन आहेत. रक्तात लेटेक्सविरोधी आयजीई पाहतात, किंवा ॲलर्जीतज्ज्ञाकडे प्रिक टेस्ट होते. त्यात हातावर थेंब ठेवून बारीक टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांत गांध उठते का पाहतात. प्रिक टेस्टमध्ये थोडी जोखीम असते, म्हणून ती जिथं तातडीची सोय आहे तिथंच करावी. रक्ताची चाचणी नकारात्मक आली तरी लक्षणं इतकी ठळक असतील तर तेवढ्यावर लेटेक्स निर्दोष ठरत नाही.

तोवर कंडोम सोडून देऊ नका, फक्त बदला. पॉलियुरेथेन किंवा पॉलिआयसोप्रीनचे कंडोम येतात. सगळ्याच मेडिकलमध्ये मिळत नाहीत, पण ऑनलाइन मागवता येतात. पाकिटावर पुढे मोठ्या अक्षरांत काय लिहिलंय ते वाचू नका, मागच्या बाजूला बारीक अक्षरांत कशापासून बनलाय ते वाचा. ‘हायपोअलर्जेनिक’ किंवा ‘अल्ट्रा सॉफ्ट’ म्हणजे लेटेक्स नाही असं मुळीच नव्हे. सुरुवातीला वास, चव, थंड-गरम परिणाम किंवा ‘जास्त वेळ’ असं काही नसलेला साधा घ्या. मेंढीच्या आतड्यापासून बनवलेले कंडोम परदेशात मिळतात. त्यांत लेटेक्स नसतं, पण त्यांतून विषाणू आरपार जातात, म्हणजे गर्भ टळला तरी एचआयव्हीपासून संरक्षण नाही.

आता ती ट्यूब. अशा ट्यूबमध्ये बहुधा तीन-चार औषधं एकत्र असतात : जोरदार स्टेरॉइड, बुरशीवरचं औषध आणि एखादं प्रतिजैविक. स्टेरॉइडनं दोन दिवसांत लाली विझते, म्हणून ‘गुण आला’ असं वाटतं. बंद केली की सगळं उसळतं, आणि जांघेसारख्या नाजूक कातडीवर आठवडे लावत राहिलं तर ती पातळ होते, ताणाच्या रेषा पडतात. त्यात बुरशी असेल तर ती दबल्यासारखी दिसते आणि आतून पसरते. अशा मलमांत नेहमी असणारं निओमायसिन हे प्रतिजैविकही स्वतःच ॲलर्जी करू शकतं, म्हणजे औषधच रोग वाढवतं. ट्यूब फेका, पण फेकण्याआधी तिच्यावरची नावं लिहून ठेवा किंवा फोटो काढा. डॉक्टरांना ती लागतील.

पुढचे दोन आठवडे असे काढा. खालच्या भागाला साबण, वॉश, ओले वाइप्स, पावडर, केस काढायचं क्रीम यांतलं काहीही लावू नका. कोमट पाण्यानं धुवा, टिपून कोरडं करा, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा. सुती अंतर्वस्त्रं घाला आणि ती साबण निघून जाईपर्यंत दोनदा खळबळून घ्या. बोअरच्या जड पाण्यात साबण नीट निघत नाही, हे लक्षात ठेवा. आग थांबली की सोडलेली एकेक गोष्ट परत आणा, मध्ये निदान आठवड्याचं अंतर ठेवा. लेटेक्स मात्र परत आणायचं नाही. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ते गरजेपुरतं सौम्य स्टेरॉइडचं मलम ठरावीक दिवसांसाठी देतील. क्रीमपेक्षा तेलकट ऑइंटमेंट मागा, कारण क्रीममध्ये टिकवणारी रसायनं जास्त असतात आणि सोललेल्या जागी ते झोंबतं.

याच्यात एक छुपी अडचण आहे, तीही सांगून ठेवते. पेट्रोलियम जेली, खोबरेल किंवा कुठलंही तेलकट मलम लेटेक्सच्या कंडोमला लागलं तर एका मिनिटातच त्याची ताकद खूप घटते आणि तो फाटतो. पॉलियुरेथेनला तेल चालतं, पॉलिआयसोप्रीनला चालत नाही. मलम लावण्याच्या दिवसांत संबंध टाळणं बरं. नाहीतर ते धुऊन काढा आणि वंगण हवं तर पाण्याचं वापरा.

लेटेक्सची ॲलर्जी निघाली तर ती पलंगापुरती राहत नाही. दाताच्या डॉक्टरांचे हातमोजे, शस्त्रक्रियेतली लघवीची नळी, आणि योनीमार्गातून करायच्या सोनोग्राफीत प्रोबवर चढवलेलं आवरण, ज्यासाठी बऱ्याच ठिकाणी सरळ कंडोमच वापरतात, या सगळ्यांत लेटेक्स असू शकतं. उद्या गरोदरपणात पहिली सोनोग्राफी करताना टेबलावर झोपण्याआधीच ‘मला लेटेक्स चालत नाही’ असं सांगा आणि फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहून घ्या.

प्रश्न : मी पुरुष, वय ३४, राहणार नाशिक. मलाही कंडोमचा त्रास आहे, पण वेगळा. वापरल्यावर काही होत नाही. दोन दिवसांनी लिंगाच्या मुळाशी, जिथं कंडोमची गुंडाळलेली कड बसते, तिथं अंगठीसारखी लाल, खाजरी गोल पट्टी उठते आणि आठवडाभर राहते. कमरेला अंडरवेअरच्या इलॅस्टिकखालीही असंच होतं. ही पण लेटेक्स ॲलर्जीच का?

उत्तर : रबराशी संबंध आहे, पण वरच्या पत्रातला प्रकार हा नाही. तिथं मिनिटांत येतं आणि तासांत जातं. तुमच्याकडे दोन दिवसांनी येतं आणि आठवडाभर टिकतं. ही उशिराची ॲलर्जी, तिच्यात प्रतिपिंडांऐवजी रक्तातल्या पांढऱ्या पेशी काम करतात. दोषी बहुतेक चिकातली प्रथिनं नसतात. रबर पक्कं करताना घालतात ती रसायनं असतात : थायुराम, कार्बामेट, मर्कॅप्टोबेन्झोथायाझोल. इलॅस्टिकमध्येही तीच असतात, त्यामुळे तुमच्या कमरेच्या पट्ट्याचा आणि या अंगठीचा सासर-माहेरचा संबंध असणार. या प्रकारात श्वास अडकण्याची भीती नसते, पण एकदा जडली की ती सहसा आयुष्यभर राहते. फक्त स्पर्श टाळला तर त्रास होत नाही.

यासाठी रक्ताची चाचणी उपयोगाची नाही, पॅच टेस्ट करावी लागते. पाठीवर ठरावीक रसायनांचे छोटे कप चिकटपट्टीनं लावतात. ४८ तासांनी काढतात, तेव्हा एकदा आणि नंतर चौथ्या दिवशी पुन्हा पाहतात, कारण काही पुटकुळ्या उशिरा उठतात. तेवढे दिवस पाठ ओली करायची नाही आणि घाम गाळायचा नाही. नाशिकच्या उन्हाळ्यात अवघड, तेव्हा शक्य असल्यास हिवाळ्यात करा. तुमचा नेहमीचा कंडोम आणि इलॅस्टिकचा तुकडा सोबत न्या, तेही लावून पाहता येतात. लक्षात ठेवा, पॅच टेस्ट लगेचच्या ॲलर्जीचं निदान करत नाही, आणि आयजीईची चाचणी उशिराच्या ॲलर्जीचं करत नाही.

तुमच्यासाठी पर्याय निवडतानाही फरक आहे. पॉलिआयसोप्रीनमध्ये चिकातली प्रथिनं नसतात, म्हणून पहिल्या पत्रलेखिकेला तो चालेल. पण त्यातही पक्कं करणारी रसायनं असू शकतात, म्हणून तुम्ही पॉलियुरेथेन घ्या. ‘जास्त वेळ’वाले कंडोम टाळा. त्यांत बेन्झोकेन असतं, बधिर करणारं ते औषध स्वतःच ॲलर्जी करतं. आणि घरातली कुठलीही ट्यूब तिथं लावू नका. १९६७ मध्ये फेल्डमन आणि माइबाख यांनी मोजलं होतं : हायड्रोकॉर्टिझोन हाताच्या पुढच्या भागापेक्षा वृषणाच्या कातडीतून जवळपास ४२ पट शोषलं जातं. हातावर सौम्य वाटणारं औषध इथं जबरी ठरतं.

प्रश्न : माझी मुलगी बारावीत, लातूरला होस्टेलवर आहे. पाळीत तिला रॅश येते, म्हणून ती प्रत्येक वेळी पॅड काढल्यावर सुवासिक ओल्या वाइप्सनं पुसते आणि तरी वाढतच चाललंय. काय सांगू तिला?

उत्तर : वाइप्स बंद करायला सांगा, बहुतेक तेच कारण आहे. ओले वाइप्स सडू नयेत म्हणून त्यांत मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे रसायन घालत असत आणि काहींत अजूनही घालतात. त्यानं इतक्या लोकांना ॲलर्जी होऊ लागली की अमेरिकेच्या संपर्क-त्वचारोग संस्थेनं २०१३ साली ‘वर्षाचं ॲलर्जन’ म्हणून त्याची निवड केली. पुढे युरोपनं अंगावर लावून तसंच ठेवायच्या प्रसाधनांत त्यावर बंदी आणली. वाइपनं पुसल्यावर आपण पाणी घेत नाही, म्हणजे रसायन अंगावरच राहतं आणि वरून पॅड त्याला झाकून ठेवतं. याहून चांगली मांडणी ॲलर्जीलाही सुचली नसती.

बाथरूममध्ये पाण्याची बाटली नेऊन धुवायचं, मऊ सुती कापडानं टिपायचं आणि नवं, सुगंध नसलेलं पॅड लावायचं. वाइप्स बंद केल्यावरही उशिराच्या ॲलर्जीची रॅश पूर्ण विझायला दोन-तीन आठवडे लागतात. ‘बंद करूनही गेली नाही’ असं तिला पहिल्या आठवड्यात वाटेल, तेव्हा दुसरं काही लावू नकोस एवढंच बजावा.

फोड, जखमा, ताप, दह्यासारखा किंवा वासाचा स्राव, पाळीशी संबंध न ठेवता पसरणारा चट्टा किंवा कातडीवर पांढरटपणा, यांतलं काहीही दिसलं तर ही प्रकरणं साबण-पॅडची नाहीत. तेव्हा वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या. खाज पुन्हा पुन्हा येत असेल तर तिशी-चाळिशीतल्यांनी एकदा रक्तातली साखरही तपासावी.